लाल पाण्याची साक्ष

रविवारी सकाळी बीटाची कोशिंबीर करायची म्हणून मी कुकर काढला, तर आमची रेवा आडवी आली. "आबा, कुकर नको. शेजारच्या काकू म्हणतात, कुकरमध्ये इतकी उष्णता होते की सगळी जीवनसत्त्वं मरतात. उघड्या भांड्यात शिजवलं तर टिकतात."

"काकूंचं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे," मी म्हणालो. "दुसरं तपासून बघू. पण आधी या भांड्याची गोष्ट ऐक."

तर फार जुनी गोष्ट. डेनिस पापिन नावाचा एक फ्रेंच माणूस इंग्लंडमध्ये राहत होता. १६७९ साली त्याने जाड धातूचं, घट्ट झाकणाचं एक भांडं बनवलं. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांना उकळलं की तिथेच थांबतं. खाली कितीही जाळ करा, वाफ जास्त होते, पण पाणी अधिक तापत नाही. पापिनने वाफेची वाटच अडवली. कोंडलेली वाफ पाण्यावर दाब देऊ लागली आणि पाणी १०० अंशांच्या पुढे गेलं. भांडं फुटू नये म्हणून त्याने वजन ठेवलेली एक झडप बसवली. दाब वाढला की वाफ वजन उचलून बाहेर पडायची. १६८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांना त्याने या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं, तेव्हा हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती.

"म्हणजे आपली शिटी!" रेवा म्हणाली.

"तीच. आपल्या कुकरात पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. काकूंची भीती या वीस अंशांची आहे."

मग मी सारख्या आकाराची चार बीटं घेतली. पहिलं सोलून फोडी केल्या आणि तीन पेले पाणी घालून उघड्या पातेल्यात ठेवल्या. दुसऱ्याच्या तशाच फोडी कुकरच्या डब्यात घातल्या, डब्यात थेंबभरही पाणी न टाकता, वर झाकणी ठेवून. पाणी फक्त कुकरच्या तळाशी, जाळीखाली. झाकण लावलं, पण शिटी लगेच ठेवली नाही. वाफेची सरळ धार येऊ दिली, म्हणजे आतली बरीचशी हवा निघून जाते, आणि मगच शिटी ठेवली. पहिली शिटी झाल्यावर गॅस बारीक करून आठ मिनिटं मोजली.

पातेल्यातल्या फोडी मऊ व्हायला पंचवीस मिनिटं लागली. त्यातलं पाणी गडद लाल झालं होतं आणि फोडी फिकट. कुकरचा दाब आपोआप उतरल्यावर डबा काढला. फोडींचा रंग गडद होता, डब्याच्या तळाशी चमचाभर लाल रस होता आणि जाळीखालचं पाणी अगदी नितळ.

"काकू हरल्या!" रेवाने जाहीर केलं.

"थांब. हा विजय कुकरचा की डब्याचा?"

तिसऱ्या बीटाच्या फोडी कुकरमध्येच शिजवल्या, पण या वेळी तीन पेले पाण्यात बुडवून. झाकण उघडलं तर पाणी लालभडक. चौथं बीट सालीसकट, देठाचं टोक न कापता, उघड्या पातेल्यात तासभर उकळलं. पाण्याला नुसती गुलाबी झाक आली. रेवा चारही पाण्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "आबा, भांड्याचा काही संबंधच नाही. कापलं आणि पाण्यात बुडवलं की रंग जातो."

बीटाचा लाल रंग पाण्यात विरघळतो. क जीवनसत्त्व, फोलेट आणि ब गटातली इतर जीवनसत्त्वंही पाण्यात विरघळतात, पोटॅशियमसारखे क्षारही. सुरीने पेशी फुटल्या आणि भोवती भरपूर पाणी असलं की ही मंडळी बाहेर पडतात. आपल्या डोळ्यांना त्यातला फक्त रंग दिसतो. बटाटा, फ्लॉवर, कोबी पाण्यात उकळून आपण ते पाणी मोरीत ओततो, तेव्हाही असंच होतं. फक्त पाणी लाल होत नाही म्हणून जीव हळहळत नाही.

"पण रंग वाहून गेला ते दिसलं. उष्णतेने जे मेलं ते कुठे दिसलं?" हा प्रश्न तिचाच. मला तो फार आवडला.

ते दिसत नाही. त्याचा हिशोब करावा लागतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. वीस अंशांनी वाढलं तर चौपट. म्हणजे कुकरमधलं एक मिनिट पातेल्यातल्या चार मिनिटांच्या बरोबरीचं. आठ चोक बत्तीस. तिकडे पातेल्यात पंचवीस. कुकरचा तापायचा आणि निवायचा वेळ धरला तर उष्णतेचा घाव कुकरमध्ये थोडा जास्तच पडला म्हण. काकूंचं अर्धं बरोबर होतं, ते एवढंच. पण हा फरक उन्नीस-बीसचा. शिवाय क जीवनसत्त्वाला हवेतला ऑक्सिजन फार लागतो, म्हणजे नासवतो. कुकरातली हवा आपण वाफेबरोबर आधीच घालवलेली असते. आणि क्षार तर उष्णतेने मरतच नाहीत. लोह १२० अंशांनाही लोहच राहतं. ते गेलं तर पाण्याबरोबरच जातं.

कुकर कुठे फसतो, तेही सांगतो. पालक उघड्या कढईत दोन-तीन मिनिटांत मऊ होतो. तो कुकरला लावला तर नुसता दाब चढायला आणि उतरायलाच त्याहून जास्त वेळ जातो, आणि तोही जास्त तापमानाला. तिथे कढईच बरी. दुसरी चूक म्हणजे बोलण्याच्या नादात चार शिट्या जास्त होऊ देणं. प्रत्येक फुकट मिनिट चौपट मोजावं लागतं. आणि तिसरी, डाळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा टाकणं. सोड्याने डाळीतलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, झपाट्याने नष्ट होतं, मग भांडं कुठलंही असो. डाळ तासभर भिजवा आणि कुकरला लावा, सोड्याची गरजच पडत नाही.

एवढ्यात रेवाची आजी आत आली. भांड्यांतलं लाल पाणी बघून म्हणाली, "हे टाकू नका हं, सार करते." आणि तिने खरंच जिरं, मिरची, कढीपत्त्याची फोडणी देऊन सार केलं. पुरणासाठी भरपूर पाण्यात हरभऱ्याची डाळ शिजवली की ती वरचा कट काढते, आणि तो फेकत नाही, त्याची आमटी करते. पाण्यात उतरलेलं असं परत ताटात येतं.

तेव्हा बाळांनो, कुकर की पातेलं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की ज्यात शिजवलं ते पाणी कुठे गेलं? वरण, उसळ, भात, रस्सा यांत ते पोटात जातं. मग खुशाल कुकर लावा. बटाटे, बीट सालीसकट किंवा कोरड्या डब्यात उकडा, पालेभाजी कढईत परता, आणि कट मोरीत ओतू नका.