बनावट पानाची तक्रार लिहिताना

‘तुमच्या बँकेच्या नावाने कोणीतरी खोटी वेबसाइट काढली आहे, ताबडतोब बंद करावी.’ बँकेच्या ग्राहक सेवा विभागाकडे अशी पत्रं जातात. पत्र लिहिणाऱ्याची कळकळ खरी असते, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कुठली साइट, कधी दिसली, लिंक कुठून आली? लॉगिनच्या पानाची हुबेहूब नक्कल करणारी अशी पानं कधी कधी काही तासच चालतात. बँकेने उलट टपाली विचारपूस करेपर्यंत भामटे पान गुंडाळून पसार झालेले असतात.

कामाचं पत्र कसं असतं, ते पाहा. यातला पत्ता अर्थात काल्पनिक आहे:

‘आज सकाळी १०.४० वाजता, केवायसी न केल्यास खातं बंद होईल, असा एसएमएस आला. त्यातल्या लिंकवरून आपल्या नेटबँकिंगसारखं पान उघडलं. पत्ता: hxxps://netbanking.bank.in.kyc-update.example/home/login. मोबाइल डेटावर, अँड्रॉइड फोनच्या क्रोममध्ये ते उघडलं. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र कोरं पान आलं. मी यूजर आयडी व पासवर्ड भरला, ओटीपी दिला नाही. १०.५५ ला हेल्पलाइनवर कळवून नेटबँकिंग बंद करून घेतलं. एसएमएस व पानाचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.’

सर्वांत मोलाची ओळ पत्त्याची. पत्ता उघडून वाचायचा असतो तो `://` नंतरपासून पहिल्या एकेरी तिरप्या रेषेपर्यंत, आणि तोही शेवटाकडून. इथे शेवट `kyc-update.example` असा आहे, म्हणजे जागेचा मालक तोच. आधीचं `netbanking.bank.in` ही निव्वळ सजावट. स्वतःच्या पत्त्याच्या अलीकडे कोणालाही काहीही जोडता येतं. भारतीय बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने `.bank.in` हा वेगळा पत्ता ठरवून दिला आहे, पण तो अगदी शेवटी असेल तरच त्याला अर्थ. कुलपाच्या चिन्हावर तर मुळीच जाऊ नये. मधल्या मार्गावर माहिती कोणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे बँक आहे की चोर, हे सांगत नाही.

तिरप्या रेषेनंतरचा भागही जसाच्या तसा हवा. पुष्कळदा हे पान एखाद्या भलत्याच, निरपराध संस्थेच्या साइटमध्ये घुसून तिच्या आतल्या फोल्डरमध्ये लपवलेलं असतं. नुसतं साइटचं नाव दिलं, तर तपासणाऱ्याला तिथे संस्थेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो दिसतात आणि तक्रार निकालात निघते. `http` ऐवजी `hxxp` लिहिण्याचं कारण साधं आहे: पत्र वाचणाऱ्याचं बोट चुकून लिंकवर पडू नये.

फोन आणि नेटवर्कचा उल्लेख अनेकांना फालतू वाटतो, पण काही पानं फक्त मोबाइलवरून किंवा भारतातूनच उघडतील अशी बेतलेली असतात. बँकेतल्या माणसाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाहिलं तर त्याला काहीच दिसत नाही. त्याला ते दिसलं, तर बँकेचे लोक पत्ता विकणाऱ्या आणि जागा देणाऱ्या कंपन्यांना कळवून पान उतरवायला लावतात, ब्राउझरच्या धोक्याच्या यादीतही घालतात. संदेश ईमेलने आला असेल, तर तो नुसता पुढे ढकलू नये, मूळ ईमेल जोडून पाठवावा. तो कुठून निघाला याच्या खुणा मूळ मेलमध्येच शाबूत राहतात.

आता पासवर्डचं वाक्य. ते लिहायला लाज वाटते, म्हणून ते गाळलं जातं, आणि नेमकं तेच खात्याला घातक ठरतं. पान उतरलं तरी चोराने टिपून घेतलेला पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. म्हणून माहिती भरली असेल तर आधी फोन, मग पत्र. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवरही लगेच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रेघ अशी ओढली होती: ग्राहकाने स्वतः पासवर्ड वगैरे देऊन टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. पत्रातली ‘१०.५५’ ही वेळ म्हणूनच पैशांच्या मोलाची आहे, आणि फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक हा तिचा पुरावा.

हेल्पलाइनचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नये. ‘कस्टमर केअर’ म्हणून भामट्यांनी पेरलेले नंबर तिथेही असतात. कार्डाच्या मागचा नंबर घ्यावा. आणि दोन दिवसांनी तेच पान दुसऱ्या पत्त्यावर दिसलं, तर ‘मी कळवलंय की’ म्हणून थांबू नये: जुना तक्रार क्रमांक घालून नवा पत्ता पुन्हा कळवावा, कारण बँकेच्या दृष्टीने ते दुसरंच पान असतं.