खुंटीच नसलेलं रक्त

ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं, हे आता शाळकरी पोरसुद्धा सांगतं आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण आपल्याच मुंबईत अशी काही माणसं सापडली की तपासणीत त्यांचं रक्त दिसायचं अगदी ओसारखं, आणि त्यांना ओचंच रक्त द्यावं म्हणून नमुना जुळवायला घेतला की काचेवर त्याच्या गुठळ्या व्हायच्या. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा प्रकार जगापुढे मांडला, आणि तेव्हापासून जगभरचे डॉक्टर त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. ही नवलाई नीट कळायची तर आधी साध्या रक्तगटांकडे जायला हवं, तेव्हा निवांत ऐका.

व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर नावाचा एक चिकाटीचा माणूस होता. त्यानं १९०० च्या सुमाराला स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सोबत्यांचं रक्त घेतलं, लाल पेशी वेगळ्या केल्या, वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं, आणि एकाचं पाणी दुसऱ्याच्या पेशींत असं आलटून पालटून मिसळत बसला. काही जोड्या गुण्यागोविंदानं मिसळल्या, काहींच्या मात्र डोळ्यांदेखत गुठळ्या झाल्या. सगळी माणसं धडधाकट होती, कुणाला आजार नव्हता, म्हणजे हा फरक रोगाचा नाही तर जन्माचा आहे हे त्यानं ओळखलं, आणि पुढे १९३० साली त्याला नोबेल मिळालं.

तो फरक असतो लाल पेशीच्या अंगावर. तिथं साखरेच्या रेणूंच्या बारीक बारीक साखळ्या असतात, आणि त्यांच्या टोकाला फ्यूकोज नावाची एक साखर लागली की तयार होतं ‘एच’. हा एच म्हणजे भिंतीतली खुंटी समजा. त्या खुंटीवर ए गटाची माणसं एक साखर अडकवतात, बी गटाची दुसरी, एबीवाले काही खुंट्यांवर ही तर काहींवर ती, आणि ओवाल्यांची खुंटी रिकामीच राहते. बीची साखर गॅलॅक्टोज, म्हणजे दुधातल्या साखरेचा जी अर्धा भाग असते तीच. आणि एची तिचीच जराशी बदललेली बहीण. एवढ्याशा फरकावर माणसाचा जीव तरतो किंवा जातो, हे मला आजही फार विलक्षण वाटतं.

जीव जातो तो असा. आपल्या अंगात जी साखर नाही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं आपलं रक्त लहानपणीच तयार करून ठेवतं, दुसऱ्याचं रक्त कधी अंगात गेलेलं नसलं तरीही. कारण आतड्यातल्या जंतूंच्या अंगावर अशाच साखरा असतात आणि तान्ह्या बाळाचं शरीर काही महिन्यांतच त्यांना पारखून घेतं. त्यामुळं ए माणसाला बीचं रक्त चढवलं तर त्याची प्रतिपिंडं त्या परक्या पेशींना चिकटतात आणि त्या शिरेतच फुटतात. थोड्याच वेळात हुडहुडी भरते, ताप चढतो, कंबर दुखते, लघवी लालकाळी होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. अशी चिन्हं दिसली की पहिलं काम एकच, रक्त ताबडतोब थांबवायचं. ओच्या लाल पेशींवर ए नाही की बी नाही, म्हणून त्या ए, बी, एबी सगळ्यांना चालतात. पण ओ माणसाला मात्र ओशिवाय काही चालत नाही.

आता वारसा. रक्तगटाच्या सूचना प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. ए आणि बी दोन्ही आपापलं काम करतात, ओ काहीच अडकवत नाही, म्हणून ए-ओ अशी जोडी असलेला माणूस ए गटाचाच दिसतो. बाप ए-ओ आणि आई बी-ओ असली तर एकाच घरात ए, बी, एबी आणि ओ अशी चारी प्रकारची लेकरं जन्मू शकतात. पण ओ गटाच्या आईला एबी मूल मात्र होऊच शकत नाही, कारण तिच्याकडे द्यायला ओशिवाय काही नाही.

समजा एका घरी तसंच घडलं. आईच्या कार्डावर ओ, बापाच्या कार्डावर ए, आणि बाळ निघालं एबी. घरात कुजबुज सुरू झाली, सासू गप्प गप्प राहू लागली, त्या बिचारीच्या डोळ्याचं पाणी खळेना. आणि ती पूर्ण खरी होती! तिच्याकडे बीची सूचना होती, बीची साखरही तयार होती, पण ती अडकवायला खुंटीच नव्हती. खुंटी ठोकण्याची सूचना निराळ्याच ठिकाणी असते. रक्तगटाची नवव्या गुणसूत्रावर, तर खुंटीची एकोणिसाव्यावर. तिला आई आणि बाप दोघांकडूनही खुंटीची बिघडलेली प्रत मिळाली होती. बाळाला मात्र बापाकडून चांगली प्रत मिळाली, बाळाच्या पेशींवर खुंट्या आल्या, आणि त्यांवर बापाची ए आणि आईकडून आलेली, इतकी वर्षं दडून राहिलेली बी, दोन्ही दिसू लागल्या.

बिघडलेली एकच प्रत असेल तर काही कळत नाही, उरलेली चांगली प्रत काम भागवते. नवरा-बायको दोघांकडेही एकेक बिघडलेली असेल तर मात्र प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते. एकाच रक्ताच्या घरांत लग्नं होतात तिथं ही गाठ लवकर पडते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, तिथं आजोबांकडची एकच बिघडलेली प्रत दोन वाटांनी फिरून एकाच पाळण्यात येऊ शकते.

या माणसांच्या रक्तात ए आणि बीविरुद्ध प्रतिपिंडं असतातच, शिवाय खुंटीविरुद्ध, म्हणजे एचविरुद्धही असतात. ओच्या पेशींवर तर रिकाम्या खुंट्यांची गर्दी, म्हणून ओचं रक्त त्यांचा घात करतं. नुसत्या पेशी तपासल्या तर ए नाही, बी नाही, म्हणून कार्डावर ओ लिहून मोकळं होता येतं. चोरी पकडली जाते ती उलट तपासणीत, जेव्हा त्या माणसाचं रक्तद्रव ओळखीच्या ओ पेशींत मिसळतात आणि गुठळ्या होतात. खात्री करायला युरोपातल्या उलेक्स नावाच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. तो नेमका एचलाच चिकटतो. ओच्या पेशी गोळा होतात आणि बॉम्बे गटाच्या तशाच सुट्या राहतात. त्या झुडपाला आपल्या रक्ताशी काय देणंघेणं, पण निसर्गानं तिथं ही परीक्षा ठेवून दिली आहे खरी.

अशा माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, आरएच जुळवून, आणि ते मिळणं कठीण. शस्त्रक्रिया आधी ठरली असेल तर त्याचंच रक्त काढून ठेवतात; एरवी लाल पेशी नेहमीच्या थंडीत जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात, खोल गोठवल्या तर मात्र वर्षानुवर्षं. म्हणून कुणाच्या घरी हा गट निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी त्याच आठवड्यात, उलट तपासणीसकट, करून घ्यावी. प्रत्येक भावंडात चारात एक शक्यता तोच गट असण्याची, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर सगळ्यांत आधी हाक मारायची ती त्यांनाच.