गच्चीवरचं पाणी नेमकं कुठे अडतं?

मुसळधार पावसात गच्चीवर पाणी तुंबलं की पहिला संशय पाइपवर येतो. प्लंबर काठी घालून पाहतो, तर पाइप मोकळा असतो. पुढच्या सरीला पाणी पुन्हा तुंबतं, कारण बहुतेक वेळा अडचण पाइपच्या तोंडाशी असते.

उभ्या पाइपमधून पावसाचं पाणी भरून वाहत नाही. ते आतल्या भिंतीला चिकटून खाली येतं आणि मध्ये हवा राहते. त्यामुळे पाइप किती पाणी नेणार, हे तोंडाभोवती पाणी किती उंच साचतं आणि तोंडाचा घेर किती, यावर ठरतं. १०० मिलिमीटरच्या, म्हणजे चार इंची तोंडावर साधारण १७ मिलिमीटर पाणी चढलं की सेकंदाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी उतरतं. याच तोंडाशी खळगा करून पाण्याची खोली दुप्पट केली, तर जवळजवळ पावणेतीनपट पाणी जातं. म्हणूनच गच्चीच्या कोब्यात पाइपभोवती फूटभर रुंदीचा, दोनेक इंच खोल खळगा ठेवणं हे पाइप मोठा घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे. कोबा घालताना हे सहज होतं. नंतर करायचं तर कोबा फोडावा लागतो.

आता हिशोब. समजा, घराची गच्ची १००० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर आहे. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडला, तर तिच्यावर मिनिटाला १५५ लिटर पाणी जमतं. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या तक्त्यानुसार या वेगाला चार इंची पाइप जेमतेम ४३ चौरस मीटर छप्पर सांभाळतो. दोन पाइप कमी पडतात, तीन लागतात. वेग १५० धरला, तर हाच पाइप साडेअठ्ठावीस चौरस मीटरवर येतो आणि चार पाइप लागतात. हा वेग अतिरेकी मानू नये: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका तासात १९० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दिवसभरात किती पाऊस पडला, याचा गच्चीशी फारसा संबंध नसतो. सर्वांत जोरदार सरीचा वेग महत्त्वाचा.

चारऐवजी सहा इंची दोन पाइप चालतील का? तक्ता हो म्हणतो, पण एका जाळीवर पिंपळाची पानं बसली की निम्मी गच्ची बंद होते. शिवाय पाणी लांबून आणावं लागतं. शंभराला एक असा उतार धरला, तर दहा मीटरच्या टोकाला कोबा दहा सेंटिमीटर जाड होतो आणि त्याचं वजन स्लॅबवर पडतं. चार कोपऱ्यांत चार तोंडं असली की ही लांबी निम्म्यावर येते.

गच्चीच्या कडेने पन्हळ असेल, तर पाइप तिच्या टोकाला जोडण्याऐवजी मध्ये जोडावा. मग दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं पाणी येतं आणि पन्हळ उथळ ठेवली तरी चालते. जोडणीत सर्वांत घातक चूक म्हणजे तोंडाखाली लगेच लहान व्यासाचा तुकडा घालणं. पाइपचा व्यास खाली कुठेही कमी होता कामा नये. दुसरी चूक जाळीची. सपाट जाळी पानांनी झाकली जाते, म्हणून घुमटाकार घ्यावी आणि तिची एकूण भोकं पाइपच्या छेदापेक्षा निदान दीडपट असावीत. तिसरी चूक दिसत नाही, गळतीने कळते: गुळगुळीत पीव्हीसी पाइप आणि सिमेंट यांची पकड बसत नाही. म्हणून पाइपच्या त्या भागाला खरखरीत करून रेती चिकटवावी आणि वॉटरप्रूफिंगचा थर तोंडाच्या आत उतरवावा.

दोष कुठला, हे पावसातच ओळखता येतं. तोंडाशी पाणी साचलं आहे आणि खालच्या टोकाला धार बारीक, पण सांधे कोरडे असतील, तर तोंड किंवा जाळी अपुरी आहे. वरच्या सांध्यांतून पाणी फुटत असेल, तर पाइप खाली चोंदून वरपर्यंत भरला आहे.

तोंडं कितीही ठेवली, तरी ती बंद पडतील असं धरूनच कठड्यात एक उपाय ठेवावा लागतो. दहा सेंटिमीटर साचलेलं पाणी दर चौरस मीटरला १०० किलो भार टाकतं, आणि वापरातल्या गच्चीचा स्लॅब सहसा १५० किलोच्या हिशोबाने बांधलेला असतो. कठडा फूटभर उंच आणि सगळी तोंडं बंद असतील, तर भार ३०० किलोवर जातो. म्हणून पाइपच्या तोंडापासून पाच सेंटिमीटर उंचीवर, पण जिन्याच्या खोलीच्या उंबरठ्याच्या खाली, कठड्यातून बाहेर काढलेली एक मोठी नळी असावी. ती भिंतीपासून वीतभर पुढे आणि येता-जाता नजरेस पडेल अशी असावी. तिच्यातून धार लागलेली दिसली की त्याच दिवशी वर जाऊन जाळ्या साफ करायच्या.