लाल गाडी निळी केली, पण बॉनेटवरचं आभाळ हिरवं का झालं?

गाडीला निळा रंग कसा दिसेल, हे खर्च करण्याआधी फोटोत पाहून घ्यावं असं अनेकांना वाटतं. फोटोशॉपमध्ये Hue/Saturation उघडायचं, Hue ची पट्टी -120 वर न्यायची, की लाल गाडी निळी. पण त्याच वेळी बॉनेटवर दिसणारं आभाळ हिरवं होतं आणि फोटो खोटा वाटू लागतो.

असं का होतं? गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. लाल रंग या थराच्या खाली असतो, तर आभाळाचं आणि झाडांचं प्रतिबिंब थराच्या पृष्ठभागावर उमटतं. त्यामुळे गाडी कोणत्याही रंगाची असली तरी प्रतिबिंबातलं आभाळ निळंच राहतं आणि उन्हाचा चमकता ठिपका पांढराच. पट्टी मात्र रंग आणि प्रतिबिंब दोन्ही एकदम सरकवते.

म्हणून आधी Master ऐवजी Reds निवडायचं. मग फक्त लाल छटा बदलतात. टेल लॅम्पही निळे होतील, ते मास्कने वगळायचे. गाडीखालच्या रस्त्यावर पडलेली लालसर झाक बहुतेक जण विसरतात. गाडी निळी आणि रस्ता लालसर, इथेच चोरी पकडली जाते.

पांढऱ्या गाडीचं काम जास्त अवघड आहे. पांढऱ्यात सरकवायला रंगच नसतो, म्हणून नवा रंग Multiply मोडमध्ये वर चढवावा लागतो. त्यात चमकसुद्धा रंगते आणि गाडी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. उपाय म्हणजे मूळ फोटोची प्रत सगळ्यात वर ठेवायची, Levels ने इतकी गडद करायची की फक्त सर्वांत उजळ भाग उरतील, आणि तिला Screen मोड द्यायचा. चमक परत येते. मात्र भर उन्हात काढलेल्या फोटोत पत्रा आणि चमक दोन्ही सारखेच पांढरेफटक झालेले असतील, तर त्यांना वेगळं करता येत नाही. अशा वेळी ढगाळ हवेत नवा फोटो काढणंच बरं.

चाकांचं गणित वेगळं आहे. बाजूने थोडं तिरकं पाहिलं की चाक गोल नाही, लंबगोल दिसतं. नव्या अलॉय व्हीलचा फोटो शक्यतो त्याच कोनातला घ्यावा आणि Edit > Transform > Distort ने जुन्या रिमच्या कडेवर बसवावा. टायर आणि वरच्या मडगार्डची सावली मूळ फोटोतलीच ठेवावी. आऱ्यांमधून आतली ब्रेक डिस्क दिसायला हवी, तिथे सपाट काळा रंग भरला की चाक झाकणासारखं वाटतं.

एकच रिम कॉपी करून दोन्ही चाकांना लावताना ते वेगळं दिसावं म्हणून अनेक जण ते फिरवतात. पण आऱ्यांसोबत त्यावरचा उजेडही फिरतो. मग पुढच्या चाकावर ऊन वरून पडलेलं दिसतं आणि मागच्यावर खालून.