ओढून घेण्याचा नळ आणि त्याचे वजन

स्वयंपाकघरातील साध्या नळाचे तोंड जागचे हलत नाही. भांडेच नळाखाली आणावे लागते. ज्या नळाचे तोंड हातात धरून पुढे ओढता येते, त्यात हा क्रम उलटा होतो. मोठे पातेले ओट्यावर ठेवूनच भरता येते आणि सिंकचे कोपरे सहज धुता येतात. हात सोडला की तोंड आपोआप मागे सरकून जागेवर बसते. वरून पाहणाऱ्यास आत एखादी स्प्रिंग असावी असे वाटते. वास्तविक बहुतेक नळांत हे काम ओट्याखाली लोंबकळणारे एक वजन करीत असते, आणि नळ नीट चालणार की नाही हे पुष्कळ अंशी त्या वजनाच्या जागेवर ठरते.

ह्या नळाची रचना समजून घेऊ. तोंडाला सुमारे दीड मीटर लांबीची लवचिक नळी जोडलेली असते. ती नळाच्या मानेतून व बुडख्यातून खाली उतरते, ओट्याखाली एक झोळ घेते आणि पुन्हा वर वळून नळाच्या बुडख्यातून निघालेल्या आखूड निर्गम नलिकेला मिळते. गरम व थंड पाण्याच्या आणखी दोन नळ्या बुडख्याला जोडलेल्या असतात. ह्या सर्व गोष्टींना वाट एकच, ती म्हणजे सिंकचे 35 मिलिमीटर व्यासाचे भोक. वजन मात्र त्या भोकातून जाऊ शकत नाही. म्हणूनच ते दोन भागांचे केलेले असते आणि सर्व जोडणी झाल्यावर, अखेरीस, नळीवर चिमट्याप्रमाणे बसवून स्क्रूने आवळले जाते.

उदाहरणादाखल रायपूर शहरातील एक एकमजली घर घेऊ. ओट्यावर स्टीलचे सिंक आहे, त्याच्या मागील कडेला भोक असून ते आजवर प्लास्टिकच्या बुचाने बंद होते, कारण जुना नळ भिंतीत होता. पाणी गच्चीवरील टाकीतून येते. येथे पहिली तपासणी नळाची नव्हे, पाण्याची करावयास हवी. टाकीतील पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. एकमजली घरात ही उंची तीन-चार मीटरच असते, म्हणजे दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. ओढत्या नळाची नळी अरुंद असते आणि तोंडाची छिद्रे बारीक. जुन्या नळाखाली दहा लिटरची बादली भरावयास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर नव्या नळातून धार आणखी बारीक येईल. अशा घरी टाकी उंच करणे, दाब वाढविणारा लहान पंप बसविणे किंवा साधा नळच ठेवणे, हे तीन मार्ग उरतात.

पाणी पुरेसे आहे असे धरून पुढे जाऊ. प्रथम भोक मोजावे आणि त्याच्या कडा स्वच्छ कराव्यात. गरम-थंड पाण्याच्या नळ्या बुडख्यात हाताने फिरवून बसवाव्यात. पाना जोरात लावल्यास आतील रबरी कडी चिरडते. मग त्या एकामागून एक भोकातून सोडाव्यात, दोन्ही एकदम नव्हे. नळ जागेवर उभा केल्यावर खालून रबरी चकती, लोखंडी पट्टी व नट चढवावा. सिंकचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो आणि तोंड ओढताना नळावर सतत ताण येतो. त्यामुळे पत्रा लवतो, नट सैल होतो आणि नळ डुलू लागतो. ह्यावर उपाय म्हणून पत्र्याखाली रुंद त्रिकोणी आधारपट्टी घालतात. ती नळासोबत आली नसेल तर वेगळी घ्यावी. सर्वांत शेवटी तोंडाची नळी वरून खाली सोडून निर्गम नलिकेला जोडावी.

आता वजनाची जागा. ह्या घरी ओट्याखाली तळापर्यंत 75 सेंटीमीटर मोकळी जागा आहे. दीड मीटर नळीपैकी 30 सेंटीमीटर नळाच्या मानेत राहते, उरलेली 120 सेंटीमीटर खाली उतरते. निर्गम नलिकेचे टोक ओट्याखाली 25 सेंटीमीटरवर असल्यामुळे झोळाचा तळ सुमारे 70 सेंटीमीटरवर येतो. मिस्त्रीने वजन झोळाच्या अगदी तळाशी बसविले, कारण तेथे ते सर्वांत जास्त ओढील असे वाटणे स्वाभाविक आहे. परिणाम उलटा झाला. तोंड मागे येई, पण शेवटचे सात-आठ सेंटीमीटर बाहेरच लोंबत राही.

ह्याची कारणे दोन. तळाशी असलेले वजन नळीच्या दोन्ही फांद्यांवर वाटले जाते, म्हणून तोंडाकडील फांदीच्या वाट्याला त्याची निम्मीच ओढ येते. शिवाय ते सांडपाण्याच्या ट्रॅपवर टेकत होते, आणि टेकलेले वजन काहीच ओढीत नाही. मिस्त्रीने वजन तोंडाकडील फांदीवर, ओट्याखाली 45 सेंटीमीटरवर सरकविले. आता त्याचा पूर्ण भार त्या एकाच फांदीवर आला. तोंड जितके ओढावे तितकेच वजन वर चढते आणि बुडख्याच्या नटाला भिडले की थांबते. म्हणजे ओढ साधारण 40 सेंटीमीटरची मिळते आणि ओट्यावरील पातेल्यापर्यंत ती पुरते. वजन आणखी वर घेतल्यास तोंड झटकन परतेल, पण पुढे कमी येईल. ह्या दोहोंमधील तडजोड प्रत्येक घरी जागेनुसार करावी लागते.

दोषाची खूण पाहून त्याचे कारण ओळखता येते. तोंड शेवटच्या टप्प्यावर अडत असेल तर वजन टेकले आहे. मध्येच धक्क्याने थांबत असेल तर नळी अँगल कॉकच्या चाकीला किंवा साबणाच्या बाटलीला अडकते आहे. पूर्ण वाटेवर मंद येत असेल तर नळीला पीळ पडला आहे. वजनातून पाणी ठिबकताना दिसले म्हणजे तेथेच गळती आहे असे समजू नये. वरच्या सांध्यातून निसटलेले पाणी नळीवरून ओघळत वजनापाशी येऊन पडते. नळी कोरडी पुसून कागदाच्या तुकड्याने वरून खाली तपासत यावे.

एक सावधगिरी राहिली. साध्या नळाचे तोंड सिंकच्या काठाहून उंच असते. हे तोंड मात्र खरकट्या पाण्यात बुडू शकते. त्याच वेळी टाकीचा कॉक बंद असून खालच्या पातळीवरचा दुसरा नळ उघडला, तर ते पाणी घराच्या पिण्याच्या नळात ओढले जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी एकाच दिशेने उघडणारी लहान झडप नळात बसविलेली असते. पाणी सोडण्यापूर्वी नळवाहिन्यांतील वाळू व गाळ तोंड काढून बादलीत वाहू द्यावा, तो ह्याच कारणाने. वाळूचा एक कण झडपेत अडकला, तर ती असून नसल्यासारखी होते.