मामाचा चेहरा पुढे का आला?

अंतरपाट धरला आहे, मंगलाष्टकं चालू आहेत आणि नवरीच्या मागे तिचा मामा उभा आहे. फोटोत नवरीच्या मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजता येतो, मामा मात्र मऊ, किंचित धूसर आहे. फ्रेम फार सुंदर, पण नेमक्या त्या क्षणी मामाने डोळे मिटले. त्याच दिवसाच्या दुसऱ्या एका फोटोत मामाचा चेहरा अगदी स्पष्ट आला आहे, डोळे उघडे, चष्म्याची काच चकाकते आहे. घरच्यांचं म्हणणं असतं, तो चेहरा इकडे लावा. अल्बमच्या कामात अशी मागणी मला कितीतरी वेळा आली आहे. रंग जुळवले, उजेड जुळवला, चेहऱ्याचा कोनही जुळला, तरी लावलेला चेहरा एकदम पुढे येतो. मामा भाचीच्या खांद्यावरून डोकं बाहेर काढून बसल्यासारखा दिसतो. धूसरपणावरून आपला डोळा अंतर ओळखतो, आणि नवा चेहरा चुकीचं अंतर सांगत असतो.

ते अंतर मोजता येतं. समजा कॅमेरा फुल फ्रेम आहे, चित्राची रुंदी ६००० पिक्सेल, लेन्स ५० मिलिमीटरची, अ‍ॅपर्चर एफ/१.८ आणि फोकस २ मीटरवरच्या नवरीच्या डोळ्यांवर. रूढ हिशेबाने सेन्सरवर ०.०३ मिलिमीटरपर्यंत पसरलेला ठिपका स्पष्ट धरला, तर नवरीच्या डोळ्यांपुढे आठ आणि मागे नऊ सेंटिमीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. मामा तिच्या मागे अर्ध्या मीटरवर. तिथला प्रत्येक बिंदू सेन्सरवर बिंदू न राहता छोटी गोल चकती होतो. या मापांनी त्या चकतीचा व्यास साधारण २४ पिक्सेल निघतो. मामाचं डोकं फोटोत सुमारे ७८० पिक्सेल उंच असेल आणि डोळ्याचं बुबुळ ४० पिक्सेलचं. म्हणजे बुबुळाच्या निम्म्याहून मोठा पसारा. पापण्यांचे केस त्यात विरून जायलाच हवेत.

फोटो कोणत्या मापांनी काढला हे नेहमी ठाऊक नसतं, पण उत्तर बहुधा फोटोतच असतं. मिटलेल्या डोळ्यांच्या मूळ फ्रेममध्ये मामाच्या चष्म्यावर दिव्याचा एक कण चमकलेला असतो. फोटो दोनशे टक्के मोठा करून त्या उजळ चकतीचा व्यास मोजायचा. चष्मा नसेल तर फेट्यावरची टिकली किंवा सदऱ्याचं बटण पाहायचं. वस्तू मामाच्याच अंतरावरची हवी. मंडपाच्या मागच्या भिंतीवरच्या दिव्यावरून माप घेतलं, तर ते कितीतरी मोठं येईल आणि मामा थेट भिंतीला जाऊन चिकटेल.

नवा चेहरा आधी योग्य आकाराला आणायचा आणि मगच धूसर करायचा. तो मूळ फोटोत १५०० पिक्सेल उंच असेल, तर आधी धूसर करून मग निम्मा केल्यास धूसरपणाही निम्मा होतो. ही चूक नवशिक्यांकडून फार होते.

फोटोशॉपमध्ये बहुतेकांचा हात Gaussian Blur कडे जातो. २४ पिक्सेलच्या चकतीइतका पसारा त्यात साधारण ६ च्या त्रिज्येला मिळतो आणि गालाच्या कातडीवर तो खपूनही जातो. फसगत होते ती चष्म्यावर आणि डोळ्यातल्या चमकेवर. खऱ्या लेन्समध्ये चमकेची चकती होते, तिला कड असते. गॉसियनमध्ये त्याच चमकेचा कडा नसलेला ढग होतो. Lens Blur चकतीच्याच आकाराने पसरवतं, म्हणून ते वापरावं. फ्रेमच्या कोपऱ्यात मात्र मोठ्या अ‍ॅपर्चरच्या चकत्या बदामासारख्या चपट्या होतात. मामा तिथे उभा असेल, तर गोल चकतीही खटकेल.

चमक मळकी दिसण्याचं आणखी एक कारण आहे. चित्रातले आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात नसतात. २५५ पैकी १२८ हा आकडा निम्मा उजेड दाखवतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो बावीस टक्क्यांच्या आसपास असतो. अशा आकड्यांची सरासरी काढली की तेजस्वी कण विझतात. उजेड सरळ प्रमाणात मांडून धूसर केलं की हे होत नाही. ते जमत नसेल, तर Lens Blur मधली Specular Highlights ची सोय थोडी वाढवून काम भागतं.

आता नाक आणि कान. कान डोळ्यांच्या साधारण दहा सेंटिमीटर मागे असतो, मग चेहरा सगळीकडे सारखाच धूसर कसा असेल? आपल्या मामाच्या बाबतीत नाकाच्या टोकाला २३ पिक्सेलची चकती येते आणि कानाशी २७ ची. हा फरक सहसा जाणवत नाही. पण तोच मामा नवरीच्या फक्त दहा सेंटिमीटर मागे असता, तर नाकाशी ४ आणि कानाशी ११ पिक्सेल आले असते. म्हणजे व्यक्ती फोकसच्या जितकी जवळ, तितका तिच्याच चेहऱ्यावर धूसरपणा झपाट्याने बदलतो. अशा वेळी चेहऱ्याचा खोलीचा नकाशा लागतो: करड्या रंगात, नाक उजळ, गाल मध्यम, कान गडद, आणि त्यानुसार Lens Blur. सगळ्या चेहऱ्याला एकच आकडा लावला, तर तो पुठ्ठ्याच्या मुखवट्यासारखा सपाट दिसतो.

मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो कडांना. जुना धूसर चेहरा त्याच्या मूळ रेषेबाहेर दहा-बारा पिक्सेल सांडलेला असतो. नवा चेहरा त्यावर तसाच ठेवला, तर गालाभोवती जुन्या कातडीची पुसट झालर राहते. म्हणून आधी गालामागची सजावट भरून जुना चेहरा पूर्ण काढायचा. नवा चेहराही आधी नेमका कापून मग त्याच्या पारदर्शक कडेसकट धूसर करायचा. न कापता धूसर केला, तर त्याच्या फोटोतली मागची भिंत कडेत मिसळते. एका ठिकाणी मात्र नेमकं उलटं करावं लागतं. नवरीचे केस आणि मुंडावळ्या मामाच्या हनुवटीवर येतात, आणि त्या फोकसमध्ये आहेत. तिथे मामाची मऊ कड दिसताच कामा नये. धूसर गाल तिच्या केसांच्या स्पष्ट रेषेशी येऊन तुटला पाहिजे.

एवढं झाल्यावरही चेहरा मेणाचा वाटतो, कारण त्यातला दाणा गेलेला असतो. हॉलमधल्या कमी उजेडात आयएसओ ३२०० वर घेतलेल्या फोटोत बारीक नॉइज असते. ती सेन्सरची, लेन्सची नव्हे, त्यामुळे मूळ फोटोत धूसर भागावरही ती तितकीच टोकदार दिसते. आपण संगणकात चेहरा धूसर केला, तेव्हा तीही पुसली. म्हणून सर्वांत शेवटी नवी नॉइज घालायची. मामाच्या मानेवरचा, मूळ फोटोतला तुकडा समोर ठेवून लाल, हिरवी, निळी अशी एकेक वाहिनी तपासायची. निळीत ती बहुधा जास्त असते, आणि मान व हनुवटी यांचा सांधा तिथेच पहिल्यांदा उघडा पडतो.