‘त्याच्या हाती माल देऊ नका’

कुंभकोणमहून बोलतोय. आजचा विषय नोकरीवर घेण्याआधीच्या चौकशीचा. फौजेत माणसाचं चारित्र्य डिस्चार्ज बुकात लिहिलेलं असतं, बाहेर तशी सोय नाही. तिथे फोनवरच्या एका वाक्यावर माणसाची भाकरी जाते.

विटा, खानापूर, आटपाडीकडची आपली गलाई मंडळी तामिळनाडूत गावोगावी आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इथल्या अशाच एका दुकानदारानं मला विचारलं, ‘साहेब, कारागीर हवाय. पोरगा गावाकडचाच आहे, पण जुना मालक म्हणतो, त्याच्या हाती माल देऊ नका. काय करू?’

मी म्हटलं, आधी पोराची लेखी संमती घ्या. कुणाला फोन करणार, काय विचारणार, हे त्याला माहीत हवं. तो सध्या कुठे कामाला असेल, तर त्या मालकाला त्याच्या परवानगीशिवाय फोन करायचा नाही. इथली नोकरी मिळायच्या आधीच तिथली जायची. दुसरं, पोरानं दिलेल्या नंबरवरच विसंबू नका. दुकानाच्या पावतीवर जीएसटी नंबर असतो. तो services.gst.gov.in वर टाकला की नाव आणि पत्ता दिसतो. दुकान खरं आहे की मित्रालाच मालक करून बसवलंय, ते कळतं.

प्रश्न कामापुरते. कधीपासून कधीपर्यंत होता? मूस एकटा लावायचा का? किती वजनाचा माल एकट्याच्या हाती देत होता? घट नेहमीपेक्षा जास्त यायची का? पुन्हा ठेवाल का? जात, लग्न, आजारपण, घरचं कर्ज यांचा मूस लावण्याशी संबंध नाही, म्हणून विचारायचं नाही. नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी मागणं तर 2017 च्या कायद्यानं बंदच आहे. आणि एकाला एक, दुसऱ्याला दुसरं असं नको. सगळ्या उमेदवारांना प्रश्न तेच.

आता तफावत. पोरगा म्हणे, कोइमतूरला 2018 पासून होतो. मालक म्हणे, 2019 च्या दिवाळीनंतर आला. दुकानदार लगेच म्हणाला, खोटारडा आहे. मी म्हटलं, थांबा. आधी पोराला दाखवा, सांगू द्या. तो म्हणाला, पहिलं वर्ष शिकायला होतो, जेवणखाण आणि हातखर्च मिळायचा, पगार नंतर सुरू झाला. मग मालकाला पुन्हा फोन करून नेमकं विचारलं: 2018 ला दुकानात झोपायला कोण कोण होतं? तेव्हा त्याला आठवलं, ‘हां, तो होता की, पण तेव्हा कारागीर नव्हता.’ दोघंही खरं बोलत होते. ‘कामाला होतो’ याचा अर्थ दोघांचा वेगळा होता.

‘माल देऊ नका’ हे मात्र गंभीर. अशा वाक्यावर नुसतं हं म्हणू नका. काय झालं, कोणत्या महिन्यात, किती ग्रॅम, तेव्हा समोर कोण होतं, तक्रार केली का, हे एकेक विचारा. मालक घोटाळला. सोनं गेलं नव्हतंच. पोरगा चाळीस हजारांची उचल न फेडता निघून आला होता. रागापोटी मालक तसं बोलला. पोरानं उचल कबूल केली. देणं राहणं आणि माल चोरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकानं ग्रॅम, महिना आणि साक्षीदार सांगितले असते, तर माझाही सल्ला वेगळा असता.

शेवटी आणखी एक निघालं. गावच्या मिरवणुकीतल्या हाणामारीत त्याच्यावर जुना गुन्हा होता. त्यानं सांगितला नव्हता. दुकानदारानं विचारलाही नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं 2016 च्या अवतार सिंग निकालात हेच सांगितलंय: जे नेमकं विचारलं, तेवढंच सांगणं बंधनकारक, आणि लपवलेली गोष्ट किरकोळ असेल तर ती सोडूनही देता येते. निकाल सरकारी नोकरीचा आहे, पण मोजमाप आपल्यालाही चालतं. खोटं बोलणं आणि न विचारलेलं न सांगणं एक नव्हे. सुरक्षारक्षकाच्या कामाला मात्र ही सूट नाही. तिथे 2005 चा खासगी सुरक्षा संस्था कायदा लागतो, आणि न्यायालयानं दोषी ठरवलेला माणूस घेता येत नाही. नुसता गुन्हा नोंदणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे, हेही लक्षात ठेवा.

पोराला ठेवलं. पहिले तीन महिने माल देताना-घेताना वजन दोघांच्या सहीनं वहीत लिहायचं, असं आधीच कागदावर ठरलं. पोरगा दरमहा चार हजार जुन्या मालकाला पाठवतो. ज्या दुसऱ्या दोघांना घेतलं नाही, त्यांना कारण सांगून त्यांच्या आधारच्या झेरॉक्स दुकानदारानं माझ्यासमोर फाडल्या.